मे महिन्याच्या कमाईवर घर चालवू नका: रिक्षावाले नी रोजंदारीवाले बजेटात कुठं चुकतात

आपल्या बेळगावात रिक्षा नाहीतर अ‍ॅपची गाडी चालवणारे, गवंड्याच्या हाताखाली जाणारे, सगळ्यांचं एकच दुखणं, मे महिन्यात लग्नसराईत हातात पैसा खेळतो नी जुलैत पाऊस लागला की किराणा दुकानात वही उघडते. कमाई कमी म्हणून हे होतं असं वाटतं, पण बरेचदा हिशोबच चुकीच्या आकड्यावर बसवलेला असतो.

धंदा म्हणजे कमाई नव्हे

संध्याकाळी स्टँडवर विचारलं तर "आज 900 चा धंदा झाला" म्हणतात नी घरातपण तोच आकडा सांगतात. त्यातलं गॅस-पेट्रोल तर सगळे वजा करतात, पण इन्शुरन्स, फिटनेस, टायर, सर्व्हिसिंग कोणी धरत नाही कारण ते रोज द्यावं लागत नाही. समजा हे सगळं वर्षाला 24 हजार होतंय, म्हणजे महिन्याला 2,000, म्हणजे 25 दिवस गाडी फिरली तर रोजचे 80 रुपये. हे 80 तुमचे नव्हेत, गाडीचे आहेत, घरी यायच्या आधीच बाजूला गेले पाहिजेत.

यासाठी आपल्याकडं पिग्मी बरी, एजंट स्वतः येऊन घेऊन जातो. पण दोन गोष्टी आधी विचारून घ्या: मुदतीआधी काढलं तर किती कापणार, नी पिग्मी बँकेची आहे की सोसायटीची. बँकेतल्या ठेवीला 5 लाखापर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. नी एजंटला पैसे दिले की एंट्री तिथंच बघायची, उद्यावर टाकायची नाही.

सरासरी काढून खर्च ठरवणं

ही चूक शहाणीसुरती माणसंपण करतात. एका रिक्षावाल्याचा हिशोब धरू, इंधन नी गाडीचे 2,000 काढून घरासाठी उरलेले: एप्रिल 17 हजार, मे 19, जून 11, जुलै 9, ऑगस्ट 12, सप्टेंबर 16. बेरीज 84, सरासरी 14 हजार. मग महिन्याला 14 खर्च केले तर चालेल असं वाटतं, पण क्रम बघा. एप्रिल-मे मिळून शिल्लक पडले 8 हजार नी जून, जुलै, ऑगस्ट मिळून कमी पडले 10. गणपतीत धंदा वाढेल तेव्हा वाढेल, ऑगस्टात 2 हजार उसने काढावेच लागले.

आता तोच माणूस 13 हजारावर थांबला तर? एप्रिल-मे ची शिल्लक 10, पावसातली तूट 7, ऑगस्ट संपला तरी 3 हजार हातात. फरक महिन्याला एक हजाराचा, पण उधारी टळली. म्हणून सरासरीच्या थोडं खालचा आकडा धरा नी तो स्वतःला पगारासारखा द्या. 13 हजार महिन्याला म्हणजे आठवड्याला 3,000. सोमवारी घरात 3,000 द्यायचे, जास्त कमाई झाली तरी 3,000 च, उरलेले बँकेच्या सेव्हिंग खात्यात. ही शिल्लक पिग्मीत घालू नका, जुलैत लागेल तेव्हा मिळायला पाहिजे.

भाडं 3,200 असेल तर एका आठवड्यातनं निघणार नाही, म्हणून दर सोमवारी त्यातले 800 वेगळ्या पाकिटात घालायचे नी बाकी 2,200 मध्ये आठवडा काढायचा.

गृहलक्ष्मी नी हप्ता

गृहलक्ष्मीचे 2,000 बजेटात धरू नका. कधी वेळेवर येतात, कधी उशिरा दोन महिन्यांचे एकदम येतात. आले की शाळेची फी, चपला, औषध असल्या थांबलेल्या खर्चाला लावायचे. तसंच फायनान्सचा आठवड्याचा हप्ता मे महिन्याची कमाई बघून घेऊ नका, तो जुलैतपण तेवढाच असतो. वरच्या हिशोबात जुलैची कमाई 9 हजार, नी घरभाडं 3,200, किराणा-दूध 4,300, गॅस-मोबाईल-लाईट 1,200, औषध 300 मिळून नुसता गरजेचा खर्चपण बरोबर 9 हजार, मग हप्ता कशातनं देणार?

बसवलेलं बजेट बिघडायलंय हे कसं कळणार

एखादा आठवडा ताण आला तर घाबरायचं काम नाही. पण लागोपाठ तीन आठवडे गुरुवारीच पैसे संपत असतील, नाहीतर गाडीच्या 80 ला हात लागत असेल, तर आकडा मोठा धरलाय. उसने घेऊ नका, आठवड्याचे 3,000 चे 2,700 करा.

नी सुरुवातच जूनमध्ये करत असाल तर 13 हजार चालणारच नाही की हो, मागची शिल्लकच नाही. तेव्हा पावसाळाभर फक्त त्या 9 हजाराच्या यादीवर चालायचं नी सप्टेंबरपासनं जे जास्त येईल ते आधी खात्यात साठवायचं. तिथं 10 हजार जमले की मग आठवड्याचा 3,000 चा पगार सुरू करा.