रक्तदान शिबिर: स्वयंसेवकांच्या बैठकीचा मेसेज कसा लिहावा

गेल्या वर्षी आमच्या शिबिराचा मेसेज मीच टाकला होता: "रविवारी सकाळी आठला शाळेजवळ जमा." गावात शाळा दोन. निम्मी पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेपाशी, निम्मी हायस्कूलच्या गेटवर, आणि नोंदणीच्या टेबलावर मी एकटा.

म्हणून आधी कागदावर दोन ओळी वेगळ्या काढा: माहिती बैठक कधी-कुठे, आणि शिबिराच्या दिवशी हजर कुठे व्हायचं. दोन्ही एकाच वाक्यात आल्या की माणसं हमखास गोंधळतात. बैठक शिबिराच्या दोन-तीन दिवस आधी ठेवा, म्हणजे कोणी नाही म्हणालं तर दुसरा माणूस शोधता येतो. वेळ रात्री आठची बरी. त्याआधी शेतातून माणूस घरी येत नाही.

मग पाळ्या. शिबिर नऊ ते दोन असेल तर पहिली पाळी आठ ते साडेअकरा, दुसरी अकरा ते अडीच. मधला अर्धा तास मुद्दाम दोघांचा आहे. रक्त दिल्यावर दात्याला दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवावं लागतं आणि चक्कर बहुतेकदा तेव्हाच किंवा उठताना येते. पाळी बदलताना नेमकी तीच खुर्ची बिनमाणसाची राहते. आपल्याकडच्या मे महिन्यात, उन्हातून उपाशीपोटी आलेल्या दात्याबाबत तर जास्तच लक्ष हवं.

कामं नावानिशी लिहा, आणि काय करायचं नाही तेही. वजन, हिमोग्लोबिन, सुई हे सगळं रक्तपेढीच्या माणसांचं काम. फॉर्ममधल्या आजारांच्या प्रश्नांची उत्तरं वाचायची नाहीत. ओळखीच्या गावात हे आधीच सांगितलेलं बरं. स्वयंसेवकाला स्वतः रक्त द्यायचं असेल तर पहिली पाळी घेऊन ती संपल्यावर, कारण रक्त दिल्यावर लगेच टेबलं उचलायची नसतात.

आता आमचा यंदाचा मेसेज असा:

"माहिती बैठक: गुरुवार, १४ मे, रात्री ८, मारुती मंदिराचा सभामंडप. ४० मिनिटं.
शिबिर: रविवार, १७ मे. हजर व्हायची जागा: हायस्कूलचं मागचं गेट, पाण्याच्या टाकीजवळ. (जिल्हा परिषद शाळा नाही.)
पहिली पाळी: ८ ते ११.३०. दुसरी पाळी: ११ ते २.३०.
प्रत्येक पाळीत: नोंदणी २, रांग १, विश्रांती २, चहा-केळी १.
नाव, पाळी आणि काम लिहून मंगळवारपर्यंत कळवा."

शेवटची ओळ गाळू नका. नुसता अंगठा पाठवणारा येईलच असं नाही, आणि तो कोणत्या पाळीला येणार हेही कळत नाही. अशा प्रत्येकाला मी बुधवारी फोन लावतो: "भाऊ, सकाळी का दुपारी?"