फ्रेममधला सगळ्यात महाग पास शोधताय? या चुका टाळा

आमच्या गेममध्ये एक सीन आहे, रात्रीची वेळ, दादरसारखं स्टेशन, धो धो पाऊस आणि ओल्या प्लॅटफॉर्मवर लाइटचे रिफ्लेक्शन. १९२० बाय १०८० ला फ्रेमला २२.४ मिलिसेकंद लागत होते आणि ६० एफपीएस पाहिजे तर हातात १६.६७ च असतात. मग रेंडरडॉकमध्ये फ्रेम कॅप्चर केली, इव्हेंट ब्राउझरमध्ये घड्याळाचं बटण दाबलं, प्रत्येक ड्रॉसमोर त्याचा वेळ आला आणि मी पासप्रमाणे बेरीज केली. शॅडो पास ८.६, पाऊस ७.७, म्हणजे शॅडोच गुन्हेगार असं धरून मी चार दिवस शॅडोच्या मागे लागलो. चारच्या जागी तीन कॅस्केड केले, शॅडोचे ड्रॉ १४३० वरून हजारावर आले, रेंडरडॉकमधली बेरीज ६.२ झाली, आणि गेम चालवून बघतो तर फ्रेम जेमतेम अर्धा मिलिसेकंद कमी. वर लांबच्या खांबांच्या सावल्या उड्या मारायला लागल्या ते वेगळंच.

ड्रॉची बेरीज म्हणजे पासचा वेळ नाही

ही सगळ्यात मोठी चूक आणि मी बघतो ते बरेच जण हीच करतात, म्हणून नीट सांगतो. जीपीयू एक ड्रॉ पूर्ण संपवून मग दुसरा घेतो असं नसतं, पहिल्याचे पिक्सेल चालू असताना पुढच्याचे व्हर्टेक्स सुरू झालेले असतात, एका वेळी अनेक ड्रॉ पोटात असतात. पण प्रत्येक ड्रॉचा वेगळा वेळ काढायचा तर टूलला त्याच्या आधी आणि नंतर मोजणी घालावी लागते आणि ती ओव्हरलॅप तिथेच गळते. दादरला लोकल थांबली की उतरणारे चढणारे सगळे एकत्र, काही सेकंदात डबा भरतो. आता प्रत्येक माणसाला एकेकटं चढवा, त्याचा वेळ लिहा आणि शेवटी बेरीज करा, गाडी तासभर हलणार नाही. गर्दी तीच आहे, मोजायची पद्धत चुकली.

म्हणून ज्या पासमध्ये छोटे छोटे खूप ड्रॉ आहेत तो पास फुगून दिसतो. शॅडोत १४३० ड्रॉ होते, प्रत्येकी साधारण ६ मायक्रोसेकंद, झाले ८.६. पावसात ड्रॉ फक्त नऊ, पण प्रत्येक अख्खी स्क्रीन भरणारा, त्याच्यात फुगायला काही नव्हतंच. ओळखायची खूण सोपी आहे, कॅप्चरमधल्या सगळ्या ड्रॉची बेरीज करा आणि गेम चालताना मोजलेल्या फ्रेमच्या वेळेशी ताडून बघा. माझी बेरीज ३४ येत होती आणि खरी फ्रेम २२.४, हे मी पहिल्या दिवशी बघायला पाहिजे होतं. रेंडरडॉकचा यात दोष नाही, ते डीबगर आहे, कुठल्या ड्रॉने काय काढलं हे बघायला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण वेळ मोजायला एनसाइटचा जीपीयू ट्रेस किंवा डायरेक्टएक्स १२ असेल तर पिक्स वापरा, नाहीतर स्वतः टाइमस्टॅम्प टाका.

टाइमस्टॅम्प टाकले पण चुकीच्या जागी

माझ्या टीममधली एक सीनियर ताई बघून म्हणाली, "अरे, ड्रॉ सोड, पासच्या शेवटी एकेक टाइमस्टॅम्प टाक." मी उत्साहात सुरुवातीला टॉप ऑफ पाइप आणि शेवटी बॉटम ऑफ पाइप टाकला आणि परत फसलो. टॉपचा टाइमस्टॅम्प आधीच्या पासचं काम चालू असतानाच लिहिला जाऊ शकतो, म्हणजे मागच्याची शेपटी पुढच्याच्या हिशोबात येते आणि बेरीज पुन्हा फ्रेमपेक्षा जास्त. त्यापेक्षा फ्रेमच्या सुरुवातीला एक आणि मग प्रत्येक पासनंतर एक, सगळे बॉटमचेच टाका आणि लागोपाठच्या दोघांतला फरक घ्या, व्हल्कनमध्ये असं:

```
vkCmdBeginDebugUtilsLabelEXT(cmd, &label);
// ... पासचं काम ...
vkCmdEndDebugUtilsLabelEXT(cmd);
vkCmdWriteTimestamp(cmd,
    VK_PIPELINE_STAGE_BOTTOM_OF_PIPE_BIT, pool, i);
```

फरकाला `timestampPeriod` ने गुणलं की नॅनोसेकंद मिळतात. आकडे दोन-तीन फ्रेम नंतर वाचा, त्याच फ्रेममध्ये वाट बघत बसलात तर सीपीयू अडकतो आणि मोजणीच फ्रेम बिघडवते. लेबल पण टाकाच, नाहीतर ट्रेसमध्ये हजारो बिननावाच्या ड्रॉमध्ये पास कुठून सुरू झाला ते शोधत बसावं लागतं.

हे केल्यावर (कॅस्केड परत चार करून) चित्र असं आलं: डेप्थ १.१, शॅडो २.३, जी-बफर ३.६, अँबियंट ऑक्लूजन १.९, लाइटिंग ३.४, पाऊस ७.७, पोस्ट प्रोसेस २.४. बेरीज बरोब्बर २२.४. म्हणजे मी ज्याच्या मागे चार दिवस घालवले तो शॅडो पास खरा २.३ चा होता.

फोनवर मात्र हे आकडे असेच्या असे धरू नका, तिथले जीपीयू फ्रेम टाइल पाडून काढतात आणि वेगवेगळ्या पासची कामं एकमेकांत मिसळतात, तिथे त्या चिपच्या कंपनीचाच प्रोफायलर लावा.

व्हीसिंक चालू ठेवून मोजणं

२२.४ ची फ्रेम ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर व्हीसिंकमध्ये ३३.३ वर जाऊन बसते, उरलेला वेळ जीपीयू रिकामा, मग तो वीज वाचवायला क्लॉक खाली आणतो आणि तोच लाइटिंग पास सकाळी ३.४ तर दुपारी ५.१ दाखवतो. तुम्हाला वाटतं दुपारच्या कमिटने वाट लावली. व्हीसिंक बंद करा, क्लॉक लॉक करा. एनसाइटचा जीपीयू ट्रेस डिफॉल्टने बेस क्लॉकवर लॉक करतो, त्यामुळे त्यातले आकडे प्लेयरच्या मशीनपेक्षा थोडे मोठे दिसतील, पण आजचा आणि उद्याचा ट्रेस एकमेकांशी ताडता येतो आणि आपल्याला तेच पाहिजे. आणि लेव्हल सुरू होताच कॅप्चर घेऊ नका, तेव्हा शेडर कंपाइल आणि टेक्श्चर लोडिंग चालू असतं, कॅमेरा एका जागी ठेवून थोडं थांबा आणि मग तीन-चार फ्रेम घ्या.

महाग दिसला म्हणून लगेच कापू नका

आधी तो महाग का आहे ते बघा. मी रेंडर स्केल ५० टक्के केला, म्हणजे पिक्सेल पावपट. पाऊस ७.७ वरून २.१ वर आला, शॅडो होता तिथेच २.३, कारण शॅडो मॅपची साइज स्क्रीनवर अवलंबून नसते. म्हणजे पाऊस पिक्सेलमध्ये अडकलेला, नऊ पारदर्शक थर एकावर एक, प्रत्येक पिक्सेल नऊदा रंगवला जात होता. मग पावसाचे कण कमी करून फायदा नव्हता, थर अर्ध्या रिझोल्यूशनच्या वेगळ्या बफरमध्ये काढून वर मिसळले. खांबांच्या कडेला जरा दातेरी दिसत होतं, ते डेप्थ बघून मिसळल्यावर गेलं आणि हे सगळं धरून पास २.५ ला आला.

आणि पास पूर्ण बंद करूनही एकदा फ्रेमचा वेळ बघा. आमची फ्रेम ७.७ नेच खाली आली म्हणून विश्वास बसला. वेळ तेवढा कमी झाला नाही तर समजा तो पास कुणाच्या तरी बरोबर ओव्हरलॅप होत होता किंवा मुळात सीपीयूच मागे पडतोय आणि जीपीयू त्याची वाट बघतोय.

फ्रेम आता १७.२ आहे, अजून अर्धा मिलिसेकंद जास्त. नवीन ट्रेस घेतलाय, त्यात ३.६ चा जी-बफर सगळ्यात वर आलाय, आणि त्याला रेंडर स्केलचा फारसा फरक पडत नाहीये, म्हणजे इथे गडबड पिक्सेलची नाही, बहुतेक प्लॅटफॉर्मच्या पत्र्याच्या छताचं मेश फारच दाट आहे, आता तेच उघडून बसलोय.