रिकाम्या आभाळात पक्षी टाकायचेत? आधी क्षितिज शोधा

गेल्या हिवाळ्यात हरिपूरला गेलो होतो, सांगलीजवळ कृष्णा-वारणेचा संगम आहे ना तिथे. घाटावरून संध्याकाळचा फोटो काढला, पाणी मस्त, पलीकडची झाडं मस्त, आणि वरचं आभाळ मात्र एकदम कोरं. मग घरी येऊन नेटवरून बगळ्यांची कापलेली चित्रं उतरवली, पाच-सहा चिकटवली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. तिथेच राहणाऱ्या काकांचा दोन मिनिटात फोन. "अरं, ते बगळं तिकडं कुठं निघालं? झोपायची झाडं ह्या अंगाला हायत की. आन् एवढं मोठं बगळं कुठनं आणलंस?"

दिशा चुकली हे कळलं, पण "एवढं मोठं" वाली गोष्ट डोक्यात बसली म्हणून हिशोब करून बघितला आणि हसूच आलं. पूर्ण फोटोत माझा एकेक बगळा पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ३०० पिक्सेल होता, म्हणजे तो माझ्यापासून फक्त नऊ मीटरवर, आणि मी त्याला झाडांच्या शेंड्याशी चिकटवलेला, म्हणजे माझ्या डोक्याच्या जेमतेम दोन फूट वरून उडत असणार. मग तोच फोटो परत केला, तो कसा केला ते इथे लिहितोय. मी गिंप वापरतो कारण ते फुकट आहे, फोटोशॉपवाल्यांना हेच सगळं थोड्या वेगळ्या नावांनी सापडेल.

आधी साइझ, तेही अंदाजाने नाही

साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० असतो आणि मेन कॅमेरा साधारण २६ एमएमचा धरतात. त्यावरून एक सोपा हिशोब निघतो:

```
पिक्सेल = 3000 × मीटर ÷ अंतर
```

गायबगळ्याचे पंख पसरले की साधारण ९० सेंटीमीटर भरतात. तो १०० मीटरवर असेल तर ३००० गुणिले ०.९ भागिले १००, म्हणजे २७ पिक्सेल. फक्त सत्तावीस! पहिल्यांदा आकडा बघून मलाही वाटलं काहीतरी चुकलंय, पण फोनने खऱ्या थव्याचा काढलेला एखादा फोटो झूम न करता बघा, बारीक टिकल्याच दिसतात. ६० मीटरवर आणला तर ४५, त्याहून जवळचा एखादाच ठेवायचा आणि तोही तो तिथे का आला असेल हे पटत असेल तरच. झूम किंवा अल्ट्रावाइड वापरला असेल तर ३००० चा आकडा बदलतो, दुप्पट झूमला ६००० धरायचा. फोटो आधीच क्रॉप केला असेल तरी चालतं, बारीक करून सेव्ह केला असेल तर मात्र आकडा त्याच प्रमाणात कमी करा.

एक गोची आहे, बगळा बाजूने दिसत असेल तर पंखांची रुंदी दिसतच नाही, चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी दिसते, ती साधारण अर्धा मीटर. म्हणजे ६० मीटरवर २५ पिक्सेल. बाजूचं चित्र घेऊन त्याची लांबी ४५ केली की तो बगळा दुप्पट जवळ आल्यासारखा वाटतो.

मग उंची, आणि सगळी गंमत इथेच आहे

लोक (मी पण) पक्षी जिथे जागा रिकामी दिसेल तिथे टाकतात. पण संध्याकाळी घरी परतणारे बगळे साधारण एकाच उंचीवरून जातात, आणि एकाच उंचीवरचा पक्षी जितका लांब तितका फोटोत क्षितिजाकडे खाली उतरतो. तोच हिशोब उंचीलाही लागतो, फक्त मीटरच्या जागी डोळ्यांच्या पातळीपासूनची उंची घालायची. बगळे माझ्या डोळ्यांपेक्षा १५ मीटर वर धरले. ६० मीटरवरचा क्षितिजाच्या ७५० पिक्सेल वर येतो, १०० मीटरवरचा ४५०, १५० मीटरवरचा ३०० आणि २५० मीटरवरचा फक्त १८०. त्यांचे पंख त्याच क्रमाने ४५, २७, १८ आणि ११.

आता आकडे जोडीने बघा, प्रत्येक वेळी क्षितिजापासूनची उंची पंखांच्या साधारण सतरापट आहे. म्हणजे एकदा पहिला बगळा नीट बसवला की पुढे मीटर-बिटर विसरा, उंची निम्मी तर पक्षी निम्मा, बास. माझ्या पहिल्या फोटोत खालचे-वरचे सगळे एकाच मापाचे होते, त्यामुळे थवा न वाटता भिंतीवर स्टिकर लावल्यासारखं दिसत होतं.

क्षितिज म्हणजे झाडांचा शेंडा नाही हं. सपाट मुलखात पलीकडची झाडं जिथे जमिनीला टेकतात त्याच्या किंचित वर ती रेघ असते, कारण घाटावर आपण पाण्यापेक्षा थोडे उंच उभे असतो. समुद्रावर काम सोपं, पाणी संपतं तीच रेघ. गिंपमध्ये वरच्या पट्टीतून एक गाइड ओढून त्या रेघेवर ठेवून द्या आणि सगळी मापं तिथूनच घ्या.

दिशा

काकांच्या म्हणण्याप्रमाणे झाडं डाव्या हाताला लांब होती, म्हणजे थवा उजवीकडून डावीकडे आणि शिवाय माझ्यापासून लांब जाणार. त्यामुळे जवळचा, मोठा बगळा उजवीकडे वर, पुढचे डावीकडे लहान होत आणि खाली येत. ते खरं तर सरळ उडतायत, फोटोत मात्र उतरत्या रेघेवर दिसतात. प्रत्येक बगळ्याची चोचही त्याच रेघेच्या अंदाजाने हलकी खाली फिरवायची, सगळे आडवे पट्टीसारखे ठेवले तर ओळ एकीकडे आणि पक्षी दुसरीकडे चाललेत असं दिसतं. अंतरंही लांब जाताना कमी होत जातात, पण मोजून सारखी ठेवू नका, दोघं जवळजवळ, मग फट, मग एकटाच मागे राहिलेला, असं असतं ते.

चित्र निवडताना दोन गोष्टी बघा. एक, पक्षी आपल्या वरून जातोय म्हणजे त्याचं पोट दिसलं पाहिजे, टेकडीवरून खाली बघत काढलेल्या फोटोतली पाठ इथे चालणार नाही. दोन, उडताना बगळा मान आखडून घेतो आणि पाय मागे सोडतो, मान लांब ताणलेली असेल तर तो करकोचा नाहीतर क्रौंच, आणि नदीकाठचा माणूस हे लगेच ओळखतो. पंखांची स्थितीही वेगवेगळी हवी, एकच चित्र सहा वेळा डकवलं की सगळे एकाच क्षणी पंख वर करून कवायत करतायत असं वाटतं. मी नंतर गच्चीवरून स्वतःच वीसेक फोटो काढून ठेवले, ते कायम कामाला येतात आणि कुणाच्या परवानगीचाही प्रश्न येत नाही.

रंग आणि ब्लर

सूर्य समोर असेल तर पांढरा बगळासुद्धा काळपट दिसतो. पण शुद्ध काळा भरू नका, कलर पिकरने पलीकडच्या काठावरच्या झाडांच्या सावलीतला रंग उचला आणि लेयरवर `Lock alpha channel` लावून तोच भरा, कडेला राहिलेली निळी-पांढरी किनारही त्यात झाकली जाते. अगदी लांबच्या दोघा-तिघांची `Opacity` ७० च्या आसपास, म्हणजे मधली हवा आणि धूर आल्यासारखं वाटतं.

ब्लरबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की लांबचा पक्षी जास्त धूसर करायचा. फोनच्या वाइड कॅमेऱ्यात तीन-चार मीटरच्या पुढचं सगळंच फोकसमध्ये असतं, मग १०० मीटरवरचा बगळा पलीकडच्या झाडांपेक्षा जास्त धूसर का असेल? `100%` झूम करा, आभाळावर आलेल्या फांदीची कड बघा, ती किती पिक्सेलमध्ये विरते तेवढीच बगळ्याची विरली पाहिजे. बहुतेक वेळा मोठं चित्र लहान केल्यामुळे बगळाच जास्त टोकदार दिसतो, त्याला `Gaussian Blur` अर्धा-पाऊण पुरतो.

हलल्याचा ब्लर वेगळा, तो शटरवर ठरतो. फोटोच्या डिटेल्समध्ये माझ्याकडे १/१०० होतं. बगळा सेकंदाला अंदाजे दहा मीटर जातो असं धरलं तर तेवढ्या वेळात दहा सेंटीमीटर सरकला, म्हणजे ६० मीटरवर पाच पिक्सेल, १०० वर तीन आणि २५० वर जेमतेम एक. थवा तिरका लांब जातोय म्हणून त्याहून थोडं कमीच, मी सगळ्यात मोठ्याला चार दिले. `Filters > Blur > Linear Motion Blur` मध्ये `Length` 4 आणि `Angle` थव्याच्या रेघेचाच. आधी साइझ, मग ब्लर, उलटं केलं तर लहान करताना ब्लर आटून जातो. आणि त्याआधी `Lock alpha channel` काढून `Layer > Layer to Image Size` करा, नाहीतर ब्लर चौकटीत कापला जातो आणि पक्ष्याभोवती सरळ कड दिसते, ह्यात माझा अर्धा तास गेला होता. मोठ्या बगळ्याच्या पंखांची टोकं अंगापेक्षा जोरात हलतात तीही वर-खाली, म्हणून तेवढी टोकं निवडून त्यांना उभा दोन-तीन पिक्सेलचा ब्लर दिला तर जिवंत वाटतं, लांबच्यांना हे करत बसू नका, दिसत नाही. संध्याकाळच्या आभाळात बारीक दाणे असतात, ते पक्ष्यावर नसले की तो गुळगुळीत डाग वाटतो, तेव्हा शेवटी थोडा `RGB Noise`.

पाण्यात बघायचं राहिलं

एवढं सगळं करून काकांना पाठवलं तर ते म्हणाले, "आता बरं हाय, पण पाण्यात कुठं दिसंनात ते." परत हिशोबाला बसलो. माझे डोळे पाण्यापासून पाच मीटर उंच धरले तर प्रतिबिंबाला उंची १५ नाही, १५ अधिक दुप्पट पाच म्हणजे २५ धरायची आणि क्षितिजाच्या खाली मोजायची. ६० मीटरवरच्याचं प्रतिबिंब १२५० पिक्सेल खाली येतं आणि माझ्या फोटोत क्षितिजाखाली एकूण हजारच होते, तो वाचला. १०० मीटरवरच्याचं मात्र ७५० खाली, बरोबर पाण्यात पडत होतं. तिथे झूम करून बघितलं तर पाण्यावर बारीक लाटा, समोरची झाडंसुद्धा नुसत्या उभ्या रेघोट्या झालेली, त्यात सत्तावीस पिक्सेलचा बगळा टिकलाच नसता. म्हणून नाही टाकला, काकांना तसं सांगितलं, आणि पाणी आरशासारखं शांत असतं तर मात्र तो उलटा करून टाकावाच लागला असता.