सेल्फी की फोटोचा फोटो? आलेला फोटो कसा तपासावा

कोकणातल्या पतसंस्थेत किंवा सेवा केंद्रात ऑनलाइन अर्ज तपासणाऱ्याला एक प्रकार हमखास भेटतो. अर्जदार आजी गावी आणि अर्ज भरणारा मुलगा किंवा पुतण्या मुंबईत. अर्जात ‘आत्ता काढलेली सेल्फी’ मागितलेली असते, आणि चाकरमान्याच्या हाताशी असतो तो आजींचा जुना फोटो. मग तो त्या फोटोचाच फोटो काढतो, नाहीतर एका मोबाइलवर तो उघडून दुसऱ्या मोबाइलने टिपतो. फसवणूक करणाराही नेमकं हेच करतो. कागदपत्रं दुसऱ्याची, फोटो दुसऱ्याचा, मोबाइल नंबर मात्र स्वतःचा. हेतू वेगळे असले तरी कॅमेऱ्यापुढे दोघांनी धरलेली वस्तू सारखीच असते: सपाट कागद किंवा सपाट काच. ओळख तपासणीच्या कामात याला प्रेझेंटेशन अटॅक म्हणतात.

मोठ्या बँकांकडे हे पकडणारी सॉफ्टवेअर असतात. लहान संस्थेत शेवटी माणूसच फोटो उघडून बघतो. त्या माणसासाठी हा लेख आहे.

आधी मूळ फाइल मिळवा

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली सेल्फी तपासायला जवळजवळ निरुपयोगी असते. पाठवताना ती लहान होते, बारीक तपशील पुसले जातात आणि फोटो कधी, कोणत्या मोबाइलने काढला ही फाइलमधली नोंदही निघून जाते. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा तुमच्या अर्जातूनच थेट चढवायला सांगा. गावात रेंज कमी असेल तर उशीर होईल, तरी थांबा.

फाइल संगणकावर उघडा आणि शंभर टक्के आकारात बघा. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बघू नका. लहान करून बघितलं की खऱ्या खुणा झाकल्या जातात, आणि कधी कधी तुमच्याच पडद्यामुळे नसलेल्या खुणा दिसू लागतात.

स्वतःचे नमुने करून डोळा तयार करा

हे काम वाचून येत नाही. एक दुपार काढा. स्वतःची खरी सेल्फी काढा. मग स्वतःच्याच पासपोर्ट साइज फोटोचा फोटो काढा, एकदा चकचकीत कागदावरचा आणि एकदा साध्या प्रिंटरवरचा. मग तुमची सेल्फी एका मोबाइलवर उघडून दुसऱ्याने टिपा. आधी वीतभर अंतरावरून, मग हातभर अंतरावरून. हे सगळं पडवीत, ट्यूबलाइटखाली आणि खळ्यातल्या उन्हात असं वेगवेगळ्या उजेडात करा. फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले की पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

एकच प्रश्न विचारत फोटो बघा

खुणा अनेक असतात, पण त्या वाचायची किल्ली एक आहे. माणूस आणि त्याच्यामागची भिंत एकमेकांपासून लांब असतात. फोटोच्या फोटोत दोन्ही एकाच पृष्ठभागावर येतात. म्हणून कुठलीही विचित्र खूण दिसली की विचारा: चेहऱ्यावरून मागच्या भिंतीपर्यंत ती न तुटता तशीच जाते का?

पहिली खूण जाळीदार लहरींची. मोबाइलच्या पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी असते, आणि टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही तशीच जाळी असते. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की इंद्रधनुषी किंवा करड्या लाटा उमटतात. त्यांना मॉयरे म्हणतात. पण मॉयरे दिसलं की लगेच शिक्का मारू नका. बारीक विणीचा शर्ट, साडीचा पदर, खिडकीला लावलेली डासांची जाळी, यांच्यावरही अशाच लाटा उठतात. त्या कापडावर किंवा जाळीवरच थांबल्या तर काळजी नाही. गालावरून निघून केसांवरून मागच्या भिंतीवर गेल्या तर समोर पडदा होता. उलट मॉयरे नाही, म्हणून फोटो खरा असंही ठरत नाही. अंतर थोडं बदललं किंवा फोकस जरासा हलला की लाटा नाहीशा होतात. तुमच्या नमुन्यांत हे दिसेलच.

दुसरी खूण चमक. खऱ्या चेहऱ्यावर, विशेषतः आपल्या दमट हवेत, घामाची चमक कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालफडांवर दिसते, म्हणजे चेहऱ्याच्या उंचवट्यांवर. चकचकीत कागदावर किंवा काचेवर पडलेला खिडकीचा उजेड चेहऱ्याचा आकार जुमानत नाही. तो कपाळ, कान आणि मागची भिंत यांवरून सरळ पट्टा ओढतो. चष्म्याची चमक चष्म्यापुरतीच असते, तिची गल्लत करू नका.

तिसरी खूण आडवे काळसर पट्टे. पडदा सेकंदाला अनेकदा ताजा होतो आणि कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे पट्टे उमटतात. पण जुनी ट्यूबलाइटही सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असते, आणि तिच्या उजेडातल्या खऱ्या सेल्फीतही पट्टे येतात. चेहरा आणि भिंत दोन्हींवरून ते जातात, म्हणजे आपली किल्ली इथे चालत नाही. म्हणून केवळ पट्ट्यांवरून निर्णय करू नये. चित्राच्या कडेला मोबाइलची चौकट किंवा धरणाऱ्याचं बोट दिसत असेल आणि पट्टे त्या चौकटीच्या आतच असतील, तर मात्र ते पडद्याचेच आहेत.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट फसवते. खाऱ्या वाऱ्याने आणि घामाच्या बोटांनी लेन्स माखते आणि सगळा फोटो दुधट येतो. छापील फोटोचा फोटोही असाच दुधट दिसतो, कारण कागदावरचा काळा रंग कॅमेऱ्यात राखाडी उतरतो. फरक ओळखायची साधी रीत म्हणजे लेन्स मऊ कापडाने पुसून पुन्हा सेल्फी मागवणं. माखलेली लेन्स असेल तर केस काळेभोर येतील. कागद असेल तर राखाडीच राहतील.

मग नाक आणि कान बघा

ही खूण मला सगळ्यांत जास्त उपयोगी वाटते, कारण फोटो कितीही स्वच्छ टिपला तरी ती लपत नाही. सेल्फी हाताच्या अंतरावरून निघते. कॅमेरा नाकापासून ३५ सेंटिमीटरवर धरला आणि नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असले, तर कान ४७ सेंटिमीटरवर पडतात. म्हणजे कानाच्या मानाने नाक सुमारे एक तृतीयांशाने मोठं दिसतं, आणि कान गालाआड ओढल्यासारखे होतात. स्टुडिओवाला दीड मीटरवरून फोटो काढतो. तिथे हाच फरक जेमतेम आठ टक्के उरतो. चेहरा सपाट, भरलेला दिसतो आणि दोन्ही कान पुरते दिसतात.

म्हणून ‘सेल्फी’त स्टुडिओचा चेहरा दिसला तर थांबा. आजींचा फोटो नातवाने मागच्या कॅमेऱ्याने लांबून काढला असेल तरीही चेहरा असाच येईल, हे लक्षात ठेवून विचारा: फोटो कोणी आणि कुठून काढला?

एक अर्ज, तपशीलासकट

देवगडकडच्या एका गावातून आमच्याकडे खात्यासाठी अर्ज आला होता. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. अर्जदार सत्तरी पार केलेल्या आजी. सेल्फी ‘घरी, पडवीत’ काढली असं लिहिलेलं. शंभर टक्क्यांवर उघडल्यावर मॉयरेचा मागमूस नव्हता, म्हणून पहिल्या नजरेत फोटो पास झाला असता. पण मागे निळसर, एकसारखा पडदा होता, आणि पडवीत असा पडदा कोण लावतो? डाव्या वरच्या कोपऱ्यातून फिकट उजेडाचा पट्टा पडद्यावरून कपाळावर आणि कपाळावरून खांद्यावर न तुटता उतरला होता. दोन्ही कान पुरते दिसत होते. खाली उजव्या कोपऱ्यात एक काळपट त्रिकोण होता. मोठा करून बघितल्यावर ती टेबलाची कड निघाली. चकचकीत कागदावरचा स्टुडिओ फोटो टेबलावर ठेवून, जरा तिरका मोबाइल धरून टिपला होता.

फोन केला तेव्हा मुंबईच्या पुतण्याने काही लपवलं नाही. काकींच्या पेन्शनच्या अर्जासाठी काढलेला फोटो त्याच्याकडे होता, त्यानं तोच वापरला. तरीही अर्ज तसाच पुढे नेता येत नव्हता. पुतण्या खरं बोलतोय हे त्याच फोटोवरून ठरवायला काहीच मार्ग नव्हता.

शंका आली की जिवंत भेट घ्या

फोटोवरून फोटो खोटा ठरवता येतो, खरा ठरवता येत नाही. कुणी दुसऱ्याची खरी सेल्फीच चांगल्या पडद्यावरून योग्य अंतराने टिपली तर वरच्या सगळ्या खुणा चुकवता येतात. आणि कॅमेऱ्याला वळसा घालून फाइलच आत सरकवली असेल, तर पडद्याची खूण उमटण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून व्हिडिओ कॉल करा आणि आधी न सांगितलेली हालचाल करायला लावा. डोळे मिचकावणं पुरेसं नाही, कारण मिचकावणारा जुना व्हिडिओ पुढे धरता येतो. डोळ्यांच्या जागी भोकं पाडलेला कागदही लोकांनी वापरला आहे. त्याऐवजी चेहरा हळूहळू दाराकडे वळवून परत आणायला सांगा. खरं डोकं वळताना नाक गालावरून सरकतं आणि पलीकडचा कान झाकला जातो. कागद वळवला तर सगळा चेहरा एकदम अरुंद होतो आणि झाकलं काहीच जात नाही. मग हाताने एक गाल झाकायला सांगा. बँकांना व्हिडिओवरून ओळख पटवायची मुभा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दिली. संवाद आधीच रेकॉर्ड केलेला नाही हे ठरावं म्हणून प्रश्नांचा क्रम किंवा प्रकार बदलता ठेवावा, असं त्या नियमांत आहे. लहान संस्थेनेही ही सवय लावून घ्यावी.

त्या आजी दुसऱ्या दिवशी रेंज असलेल्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसल्या. ‘आजी, जरा दाराकडे बघा आणि परत माझ्याकडे बघा’ एवढंच आम्ही सांगितलं. कागदपत्रांवरचा फोटो शेजारी ठेवून चेहरा जुळवला आणि काम झालं. अशा वेळी ‘तुमचा फोटो खोटा आहे’ असं म्हणू नका. ‘हा फोटो जुना दिसतोय, एकदा समोरासमोर बोलूया’ म्हटलं की माणूस दुखावत नाही आणि तपासही पूर्ण होतो. वयस्कर माणसाला ऐकू कमी येत असेल तर शेजारच्याने सूचना मोठ्याने सांगितली तरी चालते, हालचाल मात्र त्यांनीच करायची.

समोरचा टाळत असेल तर

कॅमेरा बिघडला, आजी झोपल्या, उद्या करू, परवा करू, असं सुरू झालं आणि त्याच वेळी खातं लवकर चालू करायचा धोशा लावला, तर अर्ज थांबवा आणि प्रत्यक्ष शाखेत यायला सांगा. आलेली मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. कापू नका, उजळवू नका, ग्रुपवर पाठवू नका. तो चेहरा बहुधा अशा कुणाचा तरी असतो ज्याला याची गंधवार्ताही नाही. कागदपत्रांवरच्या पत्त्यावरून त्या व्यक्तीपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचा, अर्जात दिलेल्या मोबाइल नंबरवरून नव्हे. तिने अर्ज केलाच नसेल तर तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, आणि त्या व्यक्तीला आधारचे बायोमेट्रिक लॉक करून घ्यायला सांगा.