नातेवाइकांच्या न मागितलेल्या सल्ल्याला शांतपणे उत्तर कसं द्यावं

दहापर्यंत आकडे मोजा, खोल श्वास घ्या, हसून विषय बदला, असं या बाबतीत जो तो सांगतो. माझ्या मते त्याचा काही उपयोग नाही. राग कसा गिळायचा ते त्यातून कळतं, तोंडाने काय म्हणायचं ते कळत नाही. आणि वाक्य तयार नसतं म्हणूनच तर आवाज चढतो.

एक उदाहरण धरू. आत्या म्हणते, "ती थायरॉईडची गोळी सोड बाई. एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते."

आधी तिला पूर्ण बोलू द्या. मधे तोडलंत तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल.

मग दोनच वाक्यं बोला. एक तिच्या काळजीबद्दल, दुसरं तुमच्या निर्णयाबद्दल: "तुला माझी काळजी वाटते, ते कळतंय मला. गोळी मी चालू ठेवणार आहे." या दोन वाक्यांच्या मधे "पण" घालू नका. "पण" आला की आधीचं वाक्य नुसतं तोंडदेखलं वाटतं आणि आत्या पुढच्या वाक्यावर तुटून पडते. "बरोबर आहे तुझं" असंही म्हणू नका. काळजी खरी आहे, सल्ला बरोबर आहे असं नाही.

इथपर्यंत कुणालाही जमतं. अडतं ते आत्या "अगं पण का?" असं विचारते तेव्हा. मलाही हीच पायरी सगळ्यात उशिरा जमली.

"का"ला उत्तर म्हणून कारण द्यायचं नाही. माणूस कारण देतो ते समोरच्याला पटावं म्हणून, आणि तिथेच फसतो, कारण दिलेलं प्रत्येक कारण खोडून काढता येतं. "माझा टीएसएच वाढलाय" म्हणालात की "माझाही वाढला होता, आपोआप उतरला." "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणालात की "त्यांचं काय जातंय सांगायला!" थायरॉईड ग्रंथी कमी काम करत असेल तर ही गोळी शरीरात कमी पडणारं संप्रेरकच भरून काढते, त्यामुळे इथे व्यसनासारखी सवय लागण्याचा प्रश्न येत नाही, हे तुम्हाला माहीत असतं. ते सांगायला जीभ शिवशिवते. त्या क्षणी सांगू नका. तुमचं म्हणणं शास्त्राच्या दृष्टीने कितीही बरोबर असलं तरी तुम्ही वादात ओढले गेलेले असता.

त्याऐवजी तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच वेगाने पुन्हा म्हणा: "गोळी मी चालू ठेवणार आहे." तिसऱ्यांदा विचारलं तर तिसऱ्यांदाही तेच. दर वेळी नवा शब्द जोडलात तर अजून वाटाघाटीला जागा आहे असं तिला वाटतं. "सांगितलं ना एकदा!" हे तर हमखास भांडणाचं वाक्य. ते ओठांवर आलं की समजा, तुमची शांतता संपलीय. पाणी आणायला उठा.

आणि "बघते" म्हणून कधीही सुटका करून घेऊ नका. आपल्याकडे "बघते" म्हणजे नकार, हे बोलणाऱ्यालाच माहीत असतं. ऐकणारी आत्या ते होकार म्हणून लक्षात ठेवते आणि पुढच्या भेटीत चारचौघांत विचारते, "मग सोडलीस का?" आता नकार द्यायचा म्हणजे शब्द फिरवल्यासारखं होतं. निर्णय खरोखरच झाला नसेल तर "अजून ठरलं नाही, ठरलं की मीच सांगेन" म्हणा.

वाक्य दोनदा सांगून झालं की प्रश्न तुम्ही विचारा, आणि तो तिला खरंच माहीत असलेल्या गोष्टीबद्दल असू द्या: "तुला थायरॉईड कितव्या वर्षी निघाला? आजीला होता का?" थायरॉईडचे आजार पुष्कळदा घराण्यात असतात, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांनाही हवी असते. आत्याला सांगायला काहीतरी मिळतं आणि ते तुमच्या कामाचंही असतं.

ती खरोखर समजून घ्यायला विचारत असेल तर ते ओळखू येतं: उत्तर येईपर्यंत ती थांबते आणि पुढचा प्रश्न त्या उत्तरावरच विचारते. मग सगळं सविस्तर सांगा, अगदी डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त का तपासतात, तेही.

"तुझ्या गळ्यावर सूज दिसतेय" हा मात्र सल्ला नव्हे, तिला दिसलेली गोष्ट आहे. तिला ठरावीक वाक्य ऐकवू नका, दाखवून या.

नोकरीच्या बाबतीतही हेच चालतं: "काका, नोकरी बदलायचं मी ठरवलंय." फक्त पगाराचा आकडा सांगू नका, नाहीतर पुढचा अर्धा तास त्या आकड्यावरच जातो. सल्ला घरच्या ग्रुपवर आला असेल तर तिथे गप्प राहा आणि त्यांना वेगळा फोन करा. सगळ्यांसमोर त्यांना माघार घेता येत नाही.