गॅदरिंगचं स्टेज अपुरं पडतंय? या चुका टाळा

शाळेच्या नाचासाठी स्टेज ठरवताना चौरस फुटांचा हिशोब केला जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

समजा, घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत पाचवीची 24 मुलं कोळीनृत्य करणार आहेत. दहा वर्षांचं मूल साधारण साडेचार फूट उंच असतं आणि हात पसरले की जवळपास तेवढीच रुंदी व्यापतं. म्हणून एका मुलाला आडवी 5 फूट आणि मागे-पुढे 4 फूट जागा धरा, म्हणजे 20 चौरस फूट. 24 मुलांना 480 लागतील. मंडपवाला 30 बाय 20 चं स्टेज देतोय, म्हणजे 600. कागदावर जागा उरतेय!

पण नाचायला सगळं स्टेज मिळत नाही. दोन्ही बाजूंच्या विंगा 3-3 फूट खातात. मागे पडदा आणि त्याच्यामागून मुलांना पलीकडे जायची वाट, यात 3 फूट जातात. पुढची कड आणि तिथले स्पीकर यांच्यासाठी आणखी 3 फूट सोडावेच लागतात, कारण लहान मुलं नाचाच्या भरात कड विसरतात. हाती उरतं 24 बाय 14.

आता रांगा मांडा. 24 फुटांत 5 फुटांची चारच मुलं बसतात आणि 14 फुटांत 4 फुटांच्या तीनच रांगा. झाली 12 मुलं! म्हणजे बरोबर अर्धी. अर्धं मूल उभं करता येत नाही, त्यामुळे भागाकारात उरलेले फूट वायाच जातात. चौरस फुटांच्या हिशोबात हे कधीच दिसत नाही.

मागच्यांचे चेहरे दिसावेत म्हणून एकाआड एक रांग सरकवतात. ते करावंच, पण त्याने जागा वाचत नाही, उलट रुंदीत अडीच फूट जास्त लागतात. 24 मुलं एकदम हवीत तर सहा-सहाच्या चार रांगा करा. रुंदी 30 अधिक अडीच अधिक विंगांचे 6, म्हणजे साडेअडतीस. खोली 16 अधिक 6, म्हणजे 22. प्लायवूडची शीट 8 बाय 4 ची येते, तेव्हा मंडपवाल्याला 40 बाय 24 सांगा.

एवढं मैदान किंवा बजेट नसेल तर 12-12 चे दोन गट करा. एक गट नाचताना दुसरा विंगेत थांबेल आणि कडव्यानंतर अदलाबदल होईल. सगळ्यांना कोंबलं तर काय होतं ते तालमीतच कळतं: मुलं कोपर अंगाशी धरून नाचू लागतात आणि शेवटची रांग पडद्याला टेकते.

म्हणूनच तालीम अख्ख्या मैदानावर नको. पहिल्या दिवसापासून खडूने 24 बाय 14 चा चौकोन आखा, 30 बाय 20 चा नव्हे. लेझीम असेल तर एका मुलाची जागा आधी लेझीम हातात देऊनच मोजा. नाटकात माणसं कमी असली तरी टेबल, बाकं आणि दार यांची जागा आधी आखा, मगच पात्रांच्या हालचाली बसवा.

गडकरी रंगायतन किंवा वाशीचं भावे नाट्यगृह घेतलं असेल, तरी रंगमंचाची एकूण रुंदी विचारून थांबू नका. दोन विंगांमधलं आणि पडद्यापासून कडेपर्यंतचं अंतर स्वतः टेपने मोजून या.