कोर्टातला अनुभव कंपनीच्या अर्जात लिहिताय? या चुका टाळा

कसबा बावड्याच्या कोर्टात सात वर्षं वकिली केलेल्या माझ्या एका मैत्रिणीनं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लीगल विभागासाठी अर्ज लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला. असे अर्ज इंग्रजीतच जातात. ओळी इथे मराठीत देते. पहिलीच ओळ होती: "कलम १३८ खालील दीडशेहून अधिक चेक बाउन्स प्रकरणे यशस्वीपणे चालवली."

ओळ खरी होती, पण सगळ्यात मोठी चूक तिथेच होती. हा अर्ज न्यायाधीश वाचत नाहीत. एचआर वाचतो, मग फायनान्सचा प्रमुख वाचतो. त्याच्या लेखी दीडशे केसेस म्हणजे दीडशे वेळा अडकलेला पैसा. पैसा अडकूच नये म्हणून तुम्ही काय करू शकता, हे त्याला हवं असतं.

मी तिला म्हटलं, "एकच फाइल काढ आणि काय काय केलंस ते सांग." शिरोलीच्या एका फाउंड्रीचं प्रकरण निघालं. गिऱ्हाइकाचे तीन चेक परत आले होते. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद, हे सगळं तिनं वेळेत केलं. पण उलटतपासणीत आरोपीच्या वकिलानं विचारलं, माल पोचल्याची सही कुठे आहे? चलनावर ना गेटचा शिक्का, ना कुणाची सही. शेवटी काट्याच्या पावत्या आणि ई-वे बिलं शोधून तिला पुरावा उभा करावा लागला.

त्यानंतर तिनं मालकांना दोन गोष्टी लावून दिल्या. सही-शिक्क्याची चलनाची प्रत हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी परत आणायची नाही. आणि दर मार्चअखेर प्रत्येक गिऱ्हाइकाकडून बाकी मान्य असल्याचं सहीचं पत्र घ्यायचं. मुदत संपण्याआधी असं पत्र मिळालं, तर मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ नुसार वसुलीच्या दाव्याची तीन वर्षं त्या सहीपासून नव्यानं मोजतात. अर्जात यातला एक शब्द नव्हता. "ते तर सहज सांगितलं होतं गं," म्हणाली. कंपनीतलं काम म्हणजे नेमकं हेच.

नवी ओळ अशी झाली: "उत्पादक पक्षकारांच्या थकीत वसुलीची नोटिशीपासून निकालापर्यंत जबाबदारी, वादांत दिसलेल्या त्रुटींवरून चलन आणि बाकी-मान्यता पत्रांची पद्धत बसवून दिली."

दुसरी चूक याच्या उलट बाजूची. काही जण नुसते शब्द बदलतात. दाव्याचा मसुदा केला की "काँट्रॅक्ट ड्राफ्टिंग" लिहितात. मग मुलाखतीत पर्चेस ऑर्डरच्या अटी पुढे ठेवून "नुकसानभरपाईचं कलम दुरुस्त करा" म्हटलं की पंचाईत होते. तिनं करार फारसे लिहिले नव्हते, पण करारांवर भांडली भरपूर होती. पक्षकाराच्या बिलावर कोल्हापूरचं न्यायक्षेत्र छापलेलं, गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर पुण्याचं, आणि दावा कुठे चालायचा यातच महिनोन्‌महिने गेलेले. तेव्हा "न्यायक्षेत्र आणि पैसे देण्याच्या अटींवरचे वाद लढवले, त्यावरून पक्षकारांच्या ऑर्डरच्या अटी तपासून दिल्या" असं लिहिलं. एवढं खरं होतं आणि पुरेसंही.

"यशस्वीपणे" हा शब्दही काढायला लावला. तिच्या बऱ्याच केसेस तडजोडीत मिटल्या होत्या आणि तिला ते कमीपणाचं वाटत होतं. कंपनीला हुकूमनाम्यापेक्षा खात्यात आलेली रक्कम प्यारी, कारण हुकूमनाम्यानंतरही दरखास्त चालवावी लागतेच. किती प्रकरणं मिटली, किती वसूल झाले, हे आकडे फाइलवरून काढता येत असतील तरच लिहा, अंदाजानं नको.

पक्षकारांची नावं मात्र घालू नका. केस नंबर कोर्टाच्या संकेतस्थळावर दिसत असला, तरी तुम्ही दिलेला सल्ला गुप्तच असतो. "शिरोलीची फाउंड्री" आणि सोबत रक्कम एवढ्यावरूनही इथल्या माणसाला कारखाना ओळखू येतो, म्हणून आम्ही "कास्टिंग उत्पादक" एवढंच ठेवलं.

शेवटच्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं: "कंपनीच्या केसेस मी स्वतः चालवीन, बाहेरच्या वकिलाची फी वाचेल." हे वाचून मी थांबलेच. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. लीगल विभागातल्या जाणकारानं ती ओळ वाचली असती, तर हिला या नोकरीचं स्वरूपच ठाऊक नाही असं त्याला वाटलं असतं.

त्या जागी तिनं लिहिलं, की बाहेरच्या वकिलांना तारखेआधी कागद आणि साक्षीदार तयार करून देईन, प्रत्येक तारखेचा रोजनामा बघेन आणि केस लढवायची की मिटवायची याचा हिशेब दर तिमाहीला फायनान्ससमोर ठेवीन.